‘मी तसे म्हटलेच नव्हते’ : तोंडी हुकमाचा इतिहास आणि लेखी दुजोऱ्याचा हक्क

गटारात माणूस गुदमरून मेला की दुसऱ्या दिवशी एक वाक्य हमखास ऐकू येते : “आम्ही त्याला आत उतरायला सांगितलेच नव्हते.” ठेकेदार तसे म्हणतो, मुकादम म्हणतो, निरीक्षक म्हणतो आणि अभियंताही तेच म्हणतो. मग तो माणूस सकाळी घरून निघून, दोर घेऊन, आपल्या मनाने त्या चेंबरमध्ये उतरला काय? कोणीतरी कोणाला तरी काहीतरी सांगितले होते, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक असते. पण ते सांगणे कागदावर नसते, म्हणून चौकशीच्या दृष्टीने ते घडलेलेच नसते.

तोंडी हुकमाचे हे बळ आम्हाला या लेखात तपासायचे आहे. वरिष्ठाने तोंडी सूचना दिली, तर कनिष्ठाने तिचा लेखी दुजोरा मागावा आणि वरिष्ठाने तो द्यावा, असा नियम आपल्या देशात आहे. कित्येक सरकारी नोकरांना तो माहीत नाही. ज्यांना माहीत आहे ते वापरायला घाबरतात. आणि ज्यांच्या जिवाशी त्याचा सर्वांत थेट संबंध आहे, त्यांच्यापर्यंत तो पोहोचतच नाही. असे का झाले, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

सीमा नसलेले काम

१९ मार्च १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात एक विधेयक मांडले. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात, म्हणजे वतन कायद्यात, दुरुस्ती करण्याचे ते विधेयक होते. महार वतनाबद्दल आपल्या चळवळीत पुष्कळ बोलले गेले आहे. मोबदला किती तुटपुंजा होता, बलुते मागताना किती अपमान सोसावा लागे, हे आपण आजीआजोबांकडून ऐकले आहे. पण त्या व्यवस्थेचे एक अंग तितकेसे बोलले जात नाही. वतनदार महाराचे काम नेमके कोणते, याला सीमाच नव्हती.

सरकारचा कोणीही नोकर यावा आणि सांगावे : हा टपाल पोहोचव, त्या साहेबाचे सामान उचल, रात्री जागलीला थांब. हुकूम तोंडी असे. वेळ ठरलेली नसे, काम ठरलेले नसे, हुकूम देण्याचा अधिकार कोणाला आहे हेही ठरलेले नसे. वतनदार घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्या कोणी जावे लागे. आणि काम झाले नाही तर दोष मात्र नेमका एकाचाच, तो म्हणजे महाराचा.

म्हणून बाबासाहेबांच्या मांडणीत मोबदल्याच्या जोडीने कामाच्या मर्यादेचा प्रश्नही होता. ज्याचे काम लिहिलेले नाही, त्याचे काम कधी संपत नाही. आणि ज्याला हुकूम कोणी दिला हे लिहिलेले नाही, त्याच्या वाट्याला फक्त जबाबदारी येते. ते विधेयक मंजूर झाले नाही. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. वतन गेले, पण ‘सांगितले ते कर, कागद कशाला हवा’ ही रीत मागे राहिली. ती गावच्या चावडीतून उठली आणि कचेरीत येऊन बसली.

एका रात्रीचा तोंडी आदेश

ही रीत किती वरपर्यंत जाऊ शकते, हे देशाने २५ जून १९७५ च्या रात्री पाहिले. त्या रात्री आणीबाणी पुकारली गेली. सकाळी वर्तमानपत्रांतून ही बातमी आणि रात्रीच्या अटकांची बातमी लोकांपर्यंत जाऊ नये, अशी सत्ताधाऱ्यांची इच्छा होती. वृत्तपत्रांवर नियंत्रण आणणारा आदेश तोपर्यंत निघालेला नव्हता. मग सोपा मार्ग शोधला गेला : छापखान्यांची वीजच तोडायची.

दिल्लीतील अनेक मोठ्या वृत्तपत्रांच्या कचेऱ्या बहादूरशाह जफर मार्गावर होत्या. तिथला वीजपुरवठा दिल्ली विद्युत पुरवठा उपक्रमाकडे होता. त्याच्या महाव्यवस्थापकांना नायब राज्यपाल किशनचंद यांच्याकडून आदेश मिळाला आणि तो तोंडी होता. वीज तोडली गेली. मात्र ‘हिंदुस्तान टाइम्स’ आणि ‘स्टेट्समन’ यांच्या कचेऱ्या दुसऱ्या भागात होत्या. त्यांना वीज देत होती नवी दिल्ली नगरपालिका. तिथली वीज चालू राहिली आणि ही दोन वृत्तपत्रे सकाळी बाहेर आली.

हा प्रसंग बहुधा गंमत म्हणून सांगितला जातो : हुकूमशहा वीज मंडळाची हद्द विसरले! आम्हाला त्यात दुसरे काही दिसते. हा आदेश कोणाला कागदावर मांडावा लागला असता, तर त्याला काय काय लिहावे लागले असते? कोणत्या ग्राहकांची वीज तोडायची, कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली, कोणत्या कारणासाठी, किती काळ. यातले दुसरे आणि तिसरे उत्तर नव्हतेच. वीजबिल भरलेल्या ग्राहकाची वीज, त्याने बातमी छापू नये म्हणून तोडण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. म्हणजे तो आदेश घाईमुळे तोंडी राहिला असे म्हणता येत नाही. तो लिहिण्याजोगाच नव्हता, म्हणून तो तोंडी होता.

पुढे सत्ता बदलली. मे १९७७ मध्ये माजी सरन्यायाधीश जे. सी. शहा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला गेला आणि १९७८ मध्ये त्याचे तीन अहवाल आले. दिल्लीतील अधिकारी आयोगापुढे एकामागून एक उभे राहिले. अटका असोत वा पाडापाडी, सांगणे एकच : वरून तोंडी आदेश होता. काहींच्या बाबतीत तर ‘वर’ म्हणजे कोणतेही पद नसलेली व्यक्ती होती. आता प्रश्न असा की, सही कोणाची होती? सही खालच्या अधिकाऱ्याची होती. वॉरंटवर त्याचे नाव, नस्तीवर त्याचा शेरा. ज्याने सांगितले त्याचे नाव कुठेच नाही. बोलणारा मोकळा राहिला आणि ऐकणारा अडकला.

त्या अधिकाऱ्यांबद्दल आम्हाला फारसा कळवळा नाही. अनेकांनी बढतीच्या आशेने मान डोलावली. पण त्यांच्या प्रसंगातून तोंडी आदेशाची रचना स्वच्छ दिसते : अधिकार वर राहतो आणि जबाबदारी खाली सरकते. वतनदार महाराच्या बाबतीत हेच होत होते. फरक इतकाच की १९७५ साली ते इंग्रजी बोलणाऱ्या साहेबांच्या वाट्याला आले, म्हणून त्याची चौकशी झाली.

नियम काय सांगतो

अखिल भारतीय सेवा (वर्तणूक) नियम, १९६८ हे आयएएस, आयपीएस अशा अधिकाऱ्यांना लागू होतात. त्यांतील नियम ३(३) मध्ये तीन गोष्टी आहेत. अधिकाऱ्याने स्वतःच्या उत्तम विचारबुद्धीने वागावे, याला अपवाद फक्त वरिष्ठाच्या निर्देशाचा. तो निर्देश सर्वसाधारणपणे लेखी असावा आणि तोंडी देणे अटळच झाले तर वरिष्ठाने त्यानंतर लगेच लेखी दुजोरा द्यावा. आणि ज्याला तोंडी निर्देश मिळाला आहे त्याने शक्य तितक्या लवकर लेखी दुजोरा मागावा. तसा मागितल्यावर तो देणे हे वरिष्ठाचे कर्तव्य आहे.

शेवटचे वाक्य पुन्हा वाचा. दुजोरा मागणे ही कनिष्ठाची आगाऊगिरी नाही, तो त्याच्यावर नियमाने टाकलेला भार आहे. केंद्र सरकारच्या इतर कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतही हीच तरतूद आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधील नियम ३ सुद्धा वरिष्ठाच्या निर्देशाने काम करताना तो लेखी घ्यावा, आणि ते शक्य नसेल तर नंतर लवकरात लवकर लेखी दुजोरा घ्यावा, असे सांगतो. आपल्यापैकी जे तलाठी, ग्रामसेवक, लिपिक, शिक्षक, अभियंता म्हणून नोकरीला लागले आहेत, त्यांनी आपापल्या सेवेला लागू असलेल्या नियमांचे पुस्तक काढून ही ओळ शोधावी आणि तिच्याखाली रेघ मारावी.

नियम असूनही व्यवहार तोंडीच चालला, तेव्हा माजी मंत्रिमंडळ सचिव टी. एस. आर. सुब्रमण्यम आणि इतर निवृत्त अधिकारी सर्वोच्च न्यायालयात गेले. ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. पिनाकी चंद्र घोष यांच्या खंडपीठाने निकाल दिला. सनदी अधिकाऱ्यांनी तोंडी सूचनांवर काम करू नये, अशा सूचना नोंदवल्या जाव्यात आणि त्यासाठी केंद्राने व राज्यांनी निर्देश काढावेत, असा त्याचा आशय होता. न्यायालयाने एक महत्त्वाची गोष्ट माहिती अधिकाराशी जोडली. सूचना नोंदवलीच गेली नाही, तर नागरिकाने माहिती मागून उपयोग काय? जे कागदावर नाही त्याची प्रत कोणीच देऊ शकत नाही. म्हणजे लेखी दुजोरा मागणारा कर्मचारी स्वतःला वाचवतो, आणि त्याच वेळी तुमच्याआमच्या माहितीच्या हक्कालाही जागा करून देतो.

त्याच वर्षीचा दुसरा कागद

२०१३ सालीच आणखी एक कायदा आला. हाताने मैला साफ करणारे म्हणून कामावर ठेवण्यास मनाई करणारा आणि त्यांच्या पुनर्वसनाचा हा कायदा ६ डिसेंबर २०१३ रोजी अमलात आला. त्याच महिन्यात त्याखालचे नियमही आले. कलम ७ गटार आणि सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी माणूस लावण्यास मनाई करते. कलम ९ नुसार पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

नियम ३ मध्ये माणसाला संरक्षक साधनांसह गटारात उतरवण्याचे मोजके अपवाद आहेत. त्यांतले काही ठरावीक बांधकाम-दुरुस्तीचे आहेत. शेवटचा अपवाद ‘अत्यंत आवश्यक’ परिस्थितीचा आहे. त्याला अट अशी की स्थानिक प्राधिकरणाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने विशिष्ट आणि सबळ कारणे लेखी नोंदवून परवानगी दिली पाहिजे. महापालिकेत याचा अर्थ आयुक्त. मुकादमाने ‘उतर’ म्हणून चालत नाही, अभियंत्याने फोनवर सांगून चालत नाही.

आता हे दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहा. दोघांचे म्हणणे एकच आहे : ज्याच्या हाती अधिकार आहे त्याने लिहावे. पहिला कागद साहेबाला साहेबापासून वाचवतो, दुसरा सफाई कामगाराचा जीव वाचवू शकतो. पहिल्यावर वर्तमानपत्रांत अग्रलेख आले. दुसऱ्यातली लेखी परवानगीची अट किती मुकादमांना माहीत आहे, हे आपल्या शहरात विचारून बघा.

एक प्रसंग, एक पत्र

हे प्रत्यक्षात कसे करायचे ते एका कल्पित प्रसंगातून पाहू. समजा, आपला एक कार्यकर्ता नगरपालिकेत कनिष्ठ अभियंता आहे. रविवारी सकाळी मुख्य रस्त्यावर चेंबर तुंबले आहे आणि दुपारी त्या रस्त्याने कोणा पुढाऱ्याची मिरवणूक जायची आहे. जेटिंग मशीन दुसऱ्या प्रभागात गुंतलेले आहे. ९ वाजून १० मिनिटांनी वरिष्ठ अभियंत्याचा फोन येतो : “ठेकेदाराची दोन माणसे उतरव आणि बाराच्या आत मोकळे कर. बघून घेऊ नंतरचे.”

‘बघून घेऊ’ म्हणजे नेमके कोण बघणार? कनिष्ठ अभियंत्याने फोन ठेवताच काही मिनिटांत वरिष्ठांच्या कार्यालयीन ईमेलवर, आणि ते रविवारी पाहिले जाणार नाही म्हणून मोबाइलवरही, असे लिहावे :

“महोदय, आज सकाळी ९.१० वाजता आपण दूरध्वनीवरून मला मुख्य रस्त्यावरील तुंबलेले चेंबर ठेकेदाराचे दोन कामगार आत उतरवून दुपारी १२ पूर्वी मोकळे करण्याची सूचना दिली. २०१३ च्या नियमांतील नियम ३ नुसार अशा कामासाठी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची कारणांसह लेखी परवानगी आवश्यक आहे. ती मला मिळालेली नाही. त्यामुळे कोणालाही आत उतरवलेले नाही व ठेकेदारालाही तसे कळवले आहे. चेंबरभोवती अडथळे लावले असून जेटिंग मशीन मागवले आहे. माझ्या समजुतीत चूक असल्यास कृपया लेखी दुरुस्ती करावी. पुढील आदेश लेखी मिळावा, ही विनंती.”

यात एकही उद्धट शब्द नाही, आरोप नाही. तरी चार गोष्टी पक्क्या झाल्या. कोणी, केव्हा आणि कोणत्या मार्गाने सांगितले. काय सांगितले : किती माणसे, कोणते चेंबर, किती वाजेपर्यंत. त्या सूचनेत काय उणे आहे. आणि तोवर आपण काय केले व काय केले नाही. ही चौथी गोष्ट बहुतेक जण विसरतात. पण पुढे ‘याने काम टाळले’ असा आरोप आला तर तीच उपयोगी पडते.

आमचा अनुभव असा की, अशा पत्राला बहुतेक वेळा लेखी उत्तर येत नाही. फोन येतो : “अरे, तसे नव्हते म्हणायचे मला. मशीन येऊ दे.” म्हणजे पत्राने आपले काम केले. जी सूचना फोनवर इतकी ठाम होती, ती लिहिण्याची वेळ येताच विरघळली. २५ जूनच्या त्या आदेशासारखीच ती लिहिण्याजोगी नव्हती. मात्र येथेच थांबू नये. दुसरी एक ओळ पाठवावी : “९.४० च्या दूरध्वनीनुसार कामगार न उतरवता मशीनची वाट पाहत आहोत.” तोंडी सूचना तोंडीच मागे घेतली, तर तिचीही नोंद हवी. सोमवारी दोन्ही मजकुरांची छापील प्रत आवक-जावकमध्ये नोंदवून नस्तीत लावावी आणि एक प्रत, क्रमांकासह, आपल्या घरी ठेवावी.

कुठे चुकते

पहिली चूक भाषेची आहे. सरकारी मराठीत कर्ता गायब करण्याची सोय आहे. ‘चर्चेप्रमाणे’, ‘निर्देश प्राप्त झाल्याने’, ‘वरिष्ठांच्या आदेशानुसार’. चर्चा कोणाशी झाली? निर्देश कोणाकडून प्राप्त झाला? असे वाक्य नस्तीत असले की कागद असूनही नसल्यासारखा होतो, कारण चौकशीत प्रत्येक वरिष्ठ म्हणतो, ते ‘वरिष्ठ’ मी नव्हे. हुद्दा, तारीख आणि वेळ लिहिल्याशिवाय ते वाक्य पूर्ण होत नाही.

दुसरी चूक वेळेची. दुर्घटना झाल्यावर, नोटीस आल्यावर लिहिलेला दुजोरा बचावासारखा दिसतो. मागची तारीख टाकून लिहिलेला तर थेट खोटा दस्तऐवज होतो आणि खरा माणूसही त्यात गुन्हेगार ठरतो. उशीर झालाच असेल तर आजचीच तारीख टाकावी आणि ‘अमुक दिवशी दिलेल्या सूचनेबाबत’ असे सरळ लिहावे.

तिसरी चूक मौनाचा अर्थ लावण्याची. ‘उत्तर न आल्यास आपली संमती समजून कार्यवाही करू’ असे वाक्य अनेकजण लिहितात. बैठकीची जागा बदलायची असेल, अहवालाचा तक्ता ठरवायचा असेल, तर ते चालते. जिथे कायद्याने लेखी परवानगी सांगितली आहे, जिथे जिवाला धोका आहे, तिथे मौन म्हणजे नकार. मोबाइलवर दोन निळ्या खुणा दिसल्या म्हणजे संदेश उघडला इतकेच कळते. त्याने कोणाची परवानगी मिळत नाही.

आणि एक मर्यादाही ओळखून असावे. आग लागली, पूर आला, कोणाचा जीव जात असेल, तर आधी धावावे आणि नंतर लिहावे. नियमही ‘शक्य तितक्या लवकर’ असे म्हणतो, ‘आधी’ असे म्हणत नाही. जे निर्णय आपल्याच अधिकारातले आहेत त्यांसाठीही वर बोट दाखवत बसू नये. स्वतःची जबाबदारी टाळण्यासाठी अनावश्यक आदेश मागत राहणे या नियमांना मान्य नाही. आणि लेखी आदेश मिळाला म्हणून बेकायदेशीर काम कायदेशीर होत नाही. आयुक्तांच्या लेखी परवानगीनंतरही संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवला, तर उतरवणारा सुटत नाही. कागदाने जबाबदारी वाटली जाते, पुसली जात नाही.

ज्याच्याकडे नस्तीच नाही

आता सर्वांत अवघड प्रश्न. वर्तणूक नियम सरकारी नोकराला लागू आहेत. ठेकेदाराच्या कामगाराला कोणते वर्तणूक नियम? त्याच्याकडे ना हुद्दा, ना जावक क्रमांक, अनेकदा नेमणुकीचे पत्रही नाही. तो मुकादमाला “लिहून द्या” म्हणाला, तर उद्यापासून त्याला काम नाही. नव्वद वर्षांपूर्वीचा वतनदार आणि आजचा कंत्राटी कामगार यांच्यात येथे फार अंतर उरत नाही : काम अमर्याद, हुकूम तोंडी, दोष त्याचा. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी गटारमृत्यूंसाठी दहा लाखांची भरपाई सांगितली आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती तीस लाखांवर नेली. पण ती भरपाई मागतानाही घरच्यांना आधी हेच सिद्ध करावे लागते की तो कोणाच्या तरी कामावर, कोणाच्या तरी सांगण्यावरून उतरला होता.

म्हणून त्याने एकट्याने मागायचे, हा सल्ला आम्ही देणार नाही. हे काम संघटनेचे आहे. वस्तीतल्या युवकांनी आपल्या नगरपालिकेला किंवा महापालिकेला माहितीच्या अधिकारात एक साधा प्रश्न विचारावा : गेल्या तीन वर्षांत नियम ३ खाली गटारात माणूस उतरवण्यासाठी किती लेखी परवानग्या दिल्या, त्यांच्या प्रती द्याव्यात. उत्तर ‘निरंक’ आले, तर ते जपून ठेवावे. त्याचा अर्थ, या शहरात त्या काळात ‘अत्यंत आवश्यक’ म्हणून जो कोणी उतरवला गेला तो परवानगीशिवाय उतरवला गेला, असे प्रशासनानेच लिहून दिले. मग तेच उत्तर जोडून आयुक्तांना संघटनेच्या नावाने पत्र द्यावे : अशी परवानगी नसताना तोंडी सूचनेवरून उतरण्यास आमचे सदस्य नकार देतील आणि त्यांच्यावर कारवाई झाल्यास ती आपल्या माहितीने झाली असे समजले जाईल. पत्राची पोच घ्यावी. पोचेची प्रत प्रत्येक कामगाराच्या मोबाइलमध्ये असावी. मुकादम “उतर” म्हणाला की त्याला वाद घालायला नको, पोच दाखवता येईल. तरीही दबाव आला, तर त्याच मिनिटाला संघटनेच्या गटावर वेळ, ठिकाण आणि सांगणाऱ्याचा हुद्दा टाकावा. पुढे हीच नोंद त्याच्या बाजूने उभी राहील.

आणि आपल्यापैकी जे अभियंते, निरीक्षक, लिपिक म्हणून त्या कचेरीत बसले आहेत, त्यांच्यावर जास्तीची जबाबदारी आहे. त्यांच्याकडे नियम ३ आहे, नस्ती आहे, जावक क्रमांक आहे. वरून आलेली तोंडी सूचना त्यांच्यापाशी थांबली नाही, तर ती पुढच्या क्षणाला मुकादमाकडे जाते आणि त्याच्या पुढच्या क्षणाला चेंबरच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाकडे. तो माणूस लिहू शकत नाही म्हणून ती सूचना तिथे जीवघेणी होते. ती लिहिण्याची शेवटची जागा तुमचे टेबल आहे.